भाव वाढला, ग्रॅम घटले, बिल मात्र वाढलं

"सोन्याला मागणीचा नियम लागू नाही. भाव भडकले तरी लोकांनी २३ टक्के जास्त पैशांचं सोनं घेतलं. भाव वाढला की मागणी वाढतेच, भाव पडणारच नाही. कर्ज काढा, पण आजच घ्या."

हा मेसेज वाचून माझी मावशी लेकीच्या दोन तोळ्यांच्या पाटल्यांसाठी बँकेत कर्जाची चौकशी करून आली. म्हणून लिहितोय.

२३ टक्के खरे आहेत. वर्ल्ड गोल्ड कौन्सिलचा जुलै ते सप्टेंबर २०२५ चा भारताचा आकडा आहे तो: आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीतली १,६५,३८० कोटींची खरेदी २,०३,२४० कोटींवर गेली. पण त्याच अहवालात वजनही दिलंय, ते मेसेजवाल्याने गाळलं. २४८.३ टनांवरून २०९.४ टन, म्हणजे १६ टक्के घट! मागणी मोजायची ती वजनात. रुपये म्हणजे वजन गुणिले भाव, आणि भाव ग्रॅममागे सुमारे ६,६६० वरून ९,७०० झाला, ४६ टक्के वर. भाव ४६ टक्के चढला आणि वजन १६ टक्केच घटलं, तर बिल फुगणारच. मागणीची लवचिकता एकाहून कमी असणं म्हणतात ते हेच. भाव वाढला की मागणी घटते हा नियम मोडलेला नाही, तंतोतंत पाळला गेलाय.

मावशीला तिच्याच पाटल्यांवर समजावलं. २०२४ च्या त्या भावाने २० ग्रॅमचे १,३३,२०० रुपये झाले असते, घडणावळ आणि जीएसटी वेगळा. २०२५ च्या भावाने १५ ग्रॅमच घेतले तरी १,४५,५०० होतात. सोनं पाव हिश्शाने कमी, खर्च बारा हजारांनी जास्त. लग्न पुढे ढकलता येत नाही, मुलीच्या हातात काचेच्या बांगड्यांवर भागवणं तिला पटत नाही, म्हणून ती खरेदी सोडत नाही, वजन कमी करते. हे "मागणी वाढली" कसं?

नुसते दागिने पाहिले तर मेसेज आणखी उघडा पडतो. १७१.६ टनांवरून ११७.७ टन, ३१ टक्के घट, आणि एकूण रुपये जवळपास होते तेवढेच राहिले. इथे लवचिकता एकाच्या आसपास गेली. यापुढे भाव चढला तर दागिन्यांवरचा खर्चही घटू शकतो.

एक गोष्ट मान्य करावी लागते. नाणी आणि बिस्किटांसारखी गुंतवणुकीची खरेदी वजनातही २० टक्के वाढली. पण ती भाव अजून चढेल या अपेक्षेने, महाग झालं म्हणून नव्हे. अपेक्षा फिरली की हीच खरेदी आधी आटते. शिवाय जुलै २०२४ मध्ये आयातशुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आल्याने त्या तिमाहीत दुकानं ओसंडत होती, त्यामुळे २०२५ ची घट थोडी मोठी दिसते, हेही धरायला हवं.

"भाव पडणारच नाही" हे तर या आकड्यांतून निघतच नाही. मावशीने कर्जाचा अर्ज भरलेला नाही. पाटल्या १५ ग्रॅमच्या होतील, साठवलेल्या पैशांतून.