खुलासा: केटलमधला पांढरा थर आणि सोडा-व्हिनेगर

“केटलमध्ये व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र घाला, फेस आला की थर सुटला!” असा मेसेज फिरतोय.

तो फेस सोड्याचा असतो, थराचा नव्हे. आम्ल सोड्यावरच खर्च होतं आणि कॅल्शियम कार्बोनेटचा थर जवळपास तसाच राहतो. मीही करून बघितलं. तळ खरखरीतच राहिला.

नुसतं सायट्रिक आम्ल पुरतं: लिटरभर कोमट पाण्यात २० ग्रॅम, अर्धा तास. थरावरून बारीक बुडबुडे उठतात. ते थांबले आणि थर उरला, तर नवीन द्रावण घ्या. उकळू नका, कॅल्शियम सायट्रेटचा नवा साका बसू शकतो. नंतर दोनदा विसळा, एकदा साधं पाणी उकळून फेकून द्या. ब्लीच मात्र यात कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. सोड्याचा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.