दोन तासांत दोन टक्के!

पुण्याहून कोल्हापूरला निघालो तेव्हा फोन २२ टक्क्यांवर होता. गाडीच्या यूएसबीला लावला, मॅप चालू केला. साताऱ्याला चहाला थांबलो, बघतो तर २४! दोन तासांत दोन टक्के! आणि स्क्रीनवर ते विजेचं चिन्ह ऐटीत, जणू केवढं काम चाललंय.

अरे, ते भोक मुळात चार्जिंगसाठी नाहीच. ते स्टिरिओचं आहे, पेन ड्राइव्हमधली गाणी वाजवायला. साधा यूएसबी २.० डेटा पोर्ट ५ व्होल्टला अर्धा अँपिअर देतो, म्हणजे अडीच वॅट. घरचा १८ वॅटचा चार्जर फोनशी आधी बोलणी करतो आणि व्होल्टेज ९ वर नेतो. या पोर्टला ती भाषाच येत नाही. त्यात मॅप, जीपीएस, उन्हात पूर्ण ब्राइटनेस. यातच दोनेक वॅट जातात. मग बॅटरीच्या वाट्याला काय येणार, चिंचोके?

यावर कुणी सांगतं, केबल बदलून बघ! केबलचा काय दोष? जिथे १२ व्होल्टचं लायटरचं सॉकेट आहे, तिथे चांगला फास्ट चार्जर खोचा. मी परतीच्या वाटेवर तेच केलं, मॅप चालू ठेवूनही तासाभरात फोन अर्ध्याच्या वर.

लाखो रुपयांची गाडी, सनरूफसकट. आणि चार्जर मात्र आपणच वेगळा विकत घ्यायचा!