भुयारातून आपल्याच घरात

आमच्या वाचनालयाची सभासदांची यादी एका भाड्याच्या सर्व्हरवर आहे आणि तो सर्व्हर माझ्या गळ्यात आहे. कार्यकारिणीत ‘कॉम्प्युटरमधलं कळतं’ असं एकदा तोंडातून निघालं की माणूस आजन्म अडकतो.

पूर्वी मी त्या यादीच्या मायएसक्यूएल डेटाबेसचं ३३०६ नंबरचं दार सगळ्या जगाला सताड उघडं ठेवलं होतं. भाच्याने ते पाहिलं आणि एका सुट्टीच्या दिवशी दार आतून लावून टाकलं. आता सर्व्हरवरचं मायएसक्यूएल फक्त 127.0.0.1 वर, म्हणजे स्वतःशीच बोलतं. बाहेरच्याने आधी एसएसएचने सर्व्हरवर जायचं आणि तिथून आतल्या आत डेटाबेस गाठायचा. हेच ते भुयार:

```
ssh -N -L 3307:127.0.0.1:3306 granth@db.example.org
```

“मामा, नीट बघ,” भाचा म्हणाला. “३३०७ हे तुझ्या लॅपटॉपवरचं तोंड. मधला 127.0.0.1 मात्र तुझा नाही, तो सर्व्हरच्या नजरेतून वाचायचा.” मी मान डोलावली. न समजता मान डोलावण्याची सवय मला शाळेपासून आहे.

त्या रविवारी कार्यवाह काकांचा फोन आला. “सभासद किती ते पटकन सांग. वार्षिक सभेच्या वड्यांची ऑर्डर द्यायचीय.”

मी वरची ओळ टाकली. स्क्रीनवर काहीच होईना. एंटर दाबला, तरी ढिम्म. दोनदा बंद करून पुन्हा चालू केल्यावर आठवलं, की `-N` म्हणजे ‘तिकडे कुठली आज्ञा चालवू नकोस, नुसतं भुयार धरून बस’. तो बिचारा सांगितल्याप्रमाणे मुकाट बसला होता. मी दुसरी खिडकी उघडली:

```
mysql -h localhost -P 3307 -u granth -p
```

इथला मोठा `P` म्हणजे पोर्ट आणि छोटा `p` म्हणजे पासवर्ड. मागच्या खेपेला मी `-p 3307` लिहिलं होतं, तर त्याने आधी पासवर्ड मागितला आणि मग ‘३३०७ नावाचा डेटाबेस नाही’ म्हणून हाकलून दिलं. या वेळी चूक नव्हती. पासवर्ड चालला, सभासद मोजले. आकडा आला १७.

आमचे सभासद दोन हजारांच्या वर आहेत. मी यादी उघडली, तर पहिलं नाव ‘अबक’, दुसरं ‘टेस्ट टेस्ट’, तिसरं आमच्या मांजराचं. वाचनालय लुटलं गेलं होतं आणि लुटारूने जाता जाता मांजराला सभासद करून घेतलं होतं! तेवढ्यात पुन्हा काकांचा फोन. “किती?” माझ्या तोंडून घाबरून “सतरा” निघून गेलं आणि फोन बंद झाला.

मी जुना बॅकअप शोधायला घेतला. तो चढवणार इतक्यात भाच्याला फोन करायची सुबुद्धी झाली.

“आधी विचार, तू कुठे आहेस,” तो म्हणाला.

“घरीच.”

“तू नाही रे मामा, मायएसक्यूएल!” आणि त्याने एक ओळ टाकायला लावली:

```
SELECT @@hostname;
```

उत्तरात माझ्याच लॅपटॉपचं नाव आलं.

मग उलगडा झाला. लिनक्सवर `-h localhost` म्हटलं की मायएसक्यूएलचा क्लायंट नेटवर्कच्या वाटेने जातच नाही. तो त्याच मशीनवरच्या सॉकेट फाइलमधून आत शिरतो आणि पोर्ट नंबर सरळ कानाआड करतो. माझ्या लॅपटॉपवर सरावासाठी टाकलेलं मायएसक्यूएल होतंच. तिथे आळसापोटी तेच नाव आणि तोच पासवर्ड ठेवल्यामुळे दार उघडलं. मी भुयार खणून ठेवलं आणि आपल्याच माजघरात जाऊन चोरी झाल्याची बोंब ठोकली. पासवर्ड वेगळा असता तर निदान दारात अडलो असतो.

```
mysql -h 127.0.0.1 -P 3307 -u granth -p
```

पत्ता आकड्यांत दिला की तो नेटवर्कचीच वाट धरतो. पुन्हा `@@hostname` विचारलं, या वेळी सर्व्हरचं नाव आलं. सभासद २,३१४. मांजर नाही. (बॅकअप चढला असता तर सगळे सभासद लॅपटॉपवरच गेले असते आणि मी ‘वाचनालय वाचवलं’ म्हणून मिरवलो असतो, ते वेगळंच.)

भाच्याने जाता जाता आज्ञेत `-o ExitOnForwardFailure=yes` जोडायला सांगितलं. लॅपटॉपवरचं पोर्ट आधीच कोणी अडवलेलं असेल तर एसएसएच एक तक्रार छापतं आणि भुयाराशिवाय तसंच बसून राहतं, आपण मात्र भुयार आहे समजून चालू लागतो. हा पर्याय असला की ते सरळ बंद पडतं.

मी धावत काकांना फोन लावला. “काका, सतरा नव्हे, दोन हजार तीनशे चौदा!”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग काका म्हणाले, “वडेवाल्याला सतराची सांगितली, तर तो म्हणाला दरवर्षी एवढेच येतात. राहू दे.”