फी थकली म्हणून फाइल अडकवणाऱ्यांनो

आज सकाळी आमच्या वकिलांच्या ग्रुपवर एका ज्येष्ठांनी नव्या पोरांना धडा दिला. पक्षकार फी बुडवून दुसऱ्याकडे निघाला की फाइल सोडायची नाही, झक मारत पैसे घेऊन येतो. खाली अंगठ्यांची रांग. माझं डोकंच फिरलं.

माझ्या मावशीचं हेच झालं होतं. काका गेले, दिरांविरुद्ध वाटपाचा दावा. वकील तारखेला फिरकायचे नाहीत, म्हणून तिने दुसरे पाहिले. आधीचे म्हणाले, "बाकी टाका, मग बोला." दाव्यात दाखल झालेल्या कागदांच्या नकला कोर्टातून मिळाल्या. पण सासऱ्यांचं नोंदणी न केलेलं मृत्युपत्र अजून दाखलच झालं नव्हतं. ते वकिलांच्या कपाटात. त्याची नक्कल कुठून आणायची? दावा पुराव्याला लागलेला. मुदत मागितली तर कोर्टाने खर्च लावला, तोही मावशीलाच.

हा प्रश्न सुप्रीम कोर्टाने २००० सालीच निकाली काढलाय, आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेने वकील बदलला, तेव्हा तिचे आधीचे वकील सक्सेना यांनी ९७,१०० रुपयांचं बिल पुढे करून फायली रोखल्या. आपण माल रोखून ठेवू शकतो, हा त्यांचा युक्तिवाद. कोर्ट म्हणालं, फाइल हा विकता येणारा माल नाही. पक्षकाराला वकील बदलायचा हक्क आहे आणि फाइल अडकली तर तो हक्क नुसता कागदावर राहतो. फीसाठी दावा करा. फाइल न देणं म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्यांची सनद १८ महिने निलंबित केली होती, वर हजार रुपये दंड. सुप्रीम कोर्टाने शिक्षा समज देण्यापर्यंत खाली आणली, कारण तोवर कायदा स्पष्ट नव्हता. ठीक आहे. पण ती सबब आज कुणाला चालणार?

आता म्हणाल, पक्षकारही लबाड असतात. असतात. माझीही फी बुडालीय. म्हणून विधवेचं मृत्युपत्र कपाटात कोंडायचं? आणि कोर्टाचं काय? ज्या कोर्टाचे आपण अधिकारी म्हणवतो, त्याच्या तारखा आपणच वाया घालवायच्या?

असो, चिडून मावशीचा खर्च परत येत नाही. तुमच्यापैकी कुणी अडकलं असेल तर ऐका. आधी मूळ कागदांची यादी करून लेखी मागणी पाठवा, पोच ठेवा. जुन्या वकिलांची 'ना हरकत' हा बारचा रिवाज आहे. ते देत नसतील तर वकीलपत्र रद्द करायला स्वतःच्या सहीने अर्ज द्या, कोर्ट परवानगी देऊ शकतं. तरी फाइल आली नाही तर अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे तक्रार. तिथे वर्षभरात निकाल नाही लागला तर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं.

मावशीच्या लेखी मागणीत कलम ३५ चा उल्लेख होता. मृत्युपत्र त्याच आठवड्यात आलं, फीबद्दल एक अक्षर न बोलता.