रजिस्टर नाही म्हणून खोटं?

आज सोसायटीच्या ऑफिसात सेक्रेटरींनी काकांचं मृत्युपत्र दोन बोटांत धरून काकूला परत दिलं. "हे घरी लिहिलेलं आहे, वहिनी. रजिस्टर्ड असेल ते आणा." आणि काकू "बरं" म्हणून उठली. मला तिथेच बोलायचं होतं, ते आता इथे बोलते.

रजिस्टर्डही आहे. गंमत तीच आहे! काकांनी 2011 साली मृत्युपत्र केलं, दुय्यम निबंधकाकडे जाऊन फोटो, अंगठा, सगळं. त्यात फ्लॅट दादाच्या नावे. मग 2019 मध्ये, दादा घराकडे फिरकेनासा झाल्यावर, त्यांनी वहीच्या रेघी पानांवर दुसरं लिहिलं: 'यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करीत आहे, फ्लॅट पत्नीस.' खाली त्यांची सही, शेजारच्या आजोबांची आणि ऑफिसातल्या एका मित्राची. काका गेले, दादा 2011 चं घेऊन आला आणि सेक्रेटरींना शिक्का दिसला. झालं.

अहो, मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. 1908 च्या नोंदणी कायद्यातच तसं आहे. आणि शेवटचं मृत्युपत्र ते खरं. आधीचं रजिस्टर्ड असलं म्हणून नंतरचं साधं कागदावरचं त्याला रद्द करू शकत नाही, असं कुठेही नाही. आपल्याकडे लोकांना शिक्का म्हणजे देव वाटतो. नोटरीचा शिक्का मारून आणतात आणि 'रजिस्टर केलं' म्हणून सांगतात, ती तर वेगळीच करमणूक. ती नोंदणी नव्हेच.

आमच्यासारख्या घरांना लागू असलेला 1925 चा वारसा कायदा काय मागतो? करणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि किमान दोन साक्षीदार. प्रत्येकाने करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा 'ही माझीच सही' हे त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि मग त्याच्या समोर स्वतःची सही करावी. दोघांनी एकाच वेळी हजर असायलाच हवं असंही नाही. आत काय लिहिलंय ते त्यांना माहीत असण्याचीही गरज नाही. स्टॅम्प पेपर लागत नाही. वहीचं पान चालतं. हे सगळं काकांनी केलं होतं, आणि सेक्रेटरींनी पाहिलं काय, तर शिक्का.

हो, मान्य. रजिस्टर केलं असतं तर आज काकूला हा जिना चढावा लागला नसता. मूळ कागद हरवला तरी कार्यालयातून नक्कल मिळते, आणि त्या दिवशी माणूस स्वतः हजर होता याचा पुरावा राहतो. वाद दिसल्यावर 'कोर्टातून आणा' म्हणण्याचा सोसायटीला हक्क आहे, तेही मान्य. पण मग तेवढंच म्हणा. कुठलं मृत्युपत्र खरं हे तुम्ही ठरवू नका.

आणि रजिस्टर्ड म्हणजे कोर्टात आपोआप सिद्ध, हाही भ्रमच. निबंधक मजकूर न्याय्य आहे का ते तपासत नाही. वाद झाला तर रजिस्टर्ड असो वा नसो, हयात असलेल्या निदान एका साक्षीदाराला येऊन सांगावंच लागतं. 2023 च्या नव्या साक्ष कायद्यातही ते तसंच आहे. कोर्ट शंकास्पद गोष्टी शोधतं: सही थरथरती आहे का, ज्याला मिळणार त्यानेच सगळी धावपळ केली का, जवळच्याला विनाकारण वगळलंय का. काकूला मृत्युपत्र आहे हे काका गेल्यावरच कळलं, कपाटातल्या गॅसच्या पुस्तकात.

दादाने एक शंका काढलीच. काकांची सही निळी आणि साक्षीदारांच्या काळ्या. "दोन पेनं, म्हणजे नंतर केलेलं." खरं सांगते, मलाही क्षणभर धस्स झालं. (दादाचाही राग आता उतरलाय थोडा. त्याला वाटत असेल, बाबांनी आपल्याला पुसून टाकलं. ते दुःख कागदाचं नाही.)

मित्र 2021 मध्ये गेले. शेजारचे आजोबा मात्र आहेत, 81 वर्षांचे, आता मुलीकडे राहतात. संध्याकाळी फोन केला. पेनाचं विचारायच्या आतच म्हणाले, "त्या दिवशी तुझ्या काकाचं पेन वाळलं. त्याची सही झाली आणि बंद. मी माझं काढलं, मग आम्ही दोघांनी त्याच्यासमोरच केल्या. चहात साखर नव्हती, तेही आठवतंय."

मी म्हटलं, आजोबा, हेच कोर्टात सांगाल का? प्रतिज्ञापत्रावर भागणार नाही, समोरचा वकील उलटतपासणी घेईल.

म्हणाले, "घेऊ दे. फक्त जिना किती आहे ते आधी विचारून ठेव, म्हणजे लवकर निघतो."