‘जीबी पाच रुपयाला’ सांगणाऱ्यांनी आधी मामीच्या फोनचा हिशेब बघावा

“प्लॅन घेताना एकच बघा : एक जीबी कितीला पडतो. दिवसाला 2 जीबी, 84 दिवस, म्हणजे 168 जीबी. 859 भागिले 168, जीबी फक्त पाच रुपयाला! ज्यात जीबी स्वस्त तोच प्लॅन स्वस्त. नुसत्या कॉलचा प्लॅन म्हणजे लूट, त्यावर ओटीपीसुद्धा येत नाही. प्रीपेडला बिल नसतं, त्यामुळे वापर बघत बसू नका. कॉल अनलिमिटेड आहेत, मिनिटं मोजणं मूर्खपणा. घरात ब्रॉडबँड घेतलं की मोबाईलचा खर्च शून्य. सगळ्या ग्रुपवर पाठवा.”

सेलूजवळच्या आमच्या मामांना हा मेसेज तीन ग्रुपवरून आला. त्यांनी तो मला पाठवला आणि लगेच फोन केला : “तुझ्या मामीचा पन मोठाच टाकून दे बरं, सगळे तेच म्हनायलेत.” मामीकडे कीपॅडचा फोन आहे. हे ऐकून डोकं फिरलं, म्हणून हा खटाटोप.

आधी बिलाचं बघू, कारण ते नसेल तर बाकी सगळं हवेत. प्रीपेडला बिल आपोआप येत नाही, एवढं खरं. पण मागितलं तर द्यावं लागतं. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2012 च्या ग्राहक संरक्षण नियमांत हे स्पष्ट आहे : प्रीपेड ग्राहकानं मागणी केली की कंपनीनं वापराचा तपशीलवार हिशेब 30 दिवसांच्या आत द्यायचा, त्याचे 50 रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. मागच्या सहा महिन्यांपर्यंतचं मागता येतं. मामांच्या कंपनीच्या माणसानं फोनवर आधी “सर, प्रीपेडला असं काही नसतं” हेच ऐकवलं. 2012 च्या नियमाचं नाव घेतल्यावर तक्रार क्रमांक दिला आणि यथावकाश हिशेबही आला. बऱ्याच कंपन्यांच्या ॲपमध्ये मागच्या काही दिवसांचा वापर तसाही दिसतो. घाई असेल तर तिथून सुरुवात करा.

फोनच्या सेटिंगमध्येही डेटाचा आकडा असतो, पण तो वाचताना दोन ठिकाणी घोटाळा होतो. तिथला महिना बहुतेक एक तारखेला सुरू होतो, रिचार्ज मात्र भलत्याच तारखेचा असतो. म्हणून सेटिंगमधली महिना सुरू व्हायची तारीख रिचार्जच्या तारखेवर आणून ठेवावी लागते. आणि मोबाईल डेटा आणि वायफाय हे दोन आकडे वेगळे असतात. लोक वायफायचे पन्नास जीबी बघतात आणि “माझा तर लै डेटा लागतो” म्हणत मोठा प्लॅन मारतात.

आता मामीकडे येतो. 28 दिवसांच्या हिशेबात तिचा डेटा सगळा मिळून 40 एमबी. तोसुद्धा फोननं आपणहून खाल्लेला असणार, कारण मामीला त्यात नेट आहे हेच माहीत नाही. बोलणं मात्र भरपूर : माहेर, जालन्याची लेक, बचत गटाच्या बायका. कंपनीच्या हिशेबात बाहेर लावलेल्या कॉलची मिनिटं 900 च्या वर. 84 दिवसांना हीच सरासरी धरली तर डेटा 120 एमबी. आता मेसेजवाल्याचाच भागाकार करा, पण मिळणाऱ्या जीबीनं नको, वापरलेल्या जीबीनं करा : 859 भागिले 0.12. मामीला एक जीबी सात हजार रुपयांच्या वर पडतो. ‘फक्त पाच रुपये’ म्हणे!

भागाकारात खाली काय ठेवलं यावरच सगळा खेळ आहे. कंपनी 168 जीबी देऊ करते, ते काही तुमच्या पदरात पडत नाहीत. दिवसाचा कोटा रात्री बारा वाजता संपतो, उरलेला पुढं जात नाही. आणि नुसत्या कॉलच्या प्लॅनला ही मोजपट्टी लावली तर शून्यानं भागायची वेळ येते. म्हणजे ज्याला डेटा लागतच नाही, त्याच्या सोयीचा प्लॅन या गणितात सगळ्यात महाग दिसणार. ही मोजपट्टी म्हातारी माणसं, कीपॅडवाले आणि शेतावरच्या गड्यांना हमखास चुकीच्या प्लॅनकडे ढकलते. मला राग आहे तो याचाच.

नुसत्या कॉल आणि एसएमएसचा प्लॅन ही लूट नाही. उलट ट्रायनं 23 डिसेंबर 2024 ला त्याच 2012 च्या नियमांत दुरुस्ती करून असं किमान एक व्हाउचर ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. जानेवारी 2025 च्या अखेरीस 84 दिवसांचे असे प्लॅन 448 आणि 469 रुपयांना आले. (किमती बदलत राहतात, आज काय आहे ते ॲपमध्ये बघा. हे प्लॅन यादीत बरेच खाली दडवलेले असतात, बोटानं सरकवत जावं लागतं.) 859 आणि 448 मधला फरक 411 रुपये. वर्षात 84 दिवस चारपेक्षा थोडे जास्त वेळा येतात, म्हणजे वर्षाला साधारण 1,780 रुपये. ज्या नेटला मामी हातही लावत नाही, त्याचे हे पैसे.

ओटीपीचं तर काय बोलावं. ओटीपी हा आत येणारा एसएमएस असतो. त्याला डेटा लागत नाही आणि तो घ्यायला पैसेही पडत नाहीत. प्लॅन चालू असला आणि टॉवर असला की तो येतो. ही एक ओळ ज्यानं लिहिली, त्यानं किती घाबरलेल्या माणसांच्या खिशातून पैसे काढले असतील कोण जाणे.

मामांचा हिशेब मात्र वेगळा निघाला, आणि इथं मेसेजवाल्याला थोडं द्यावं लागतंय. मामा 299 चा, 28 दिवसांचा, रोज दीड जीबीचा प्लॅन मारायचे. मिळणारा डेटा 42 जीबी, वापरलेला 14. नुसती सरासरी काढली तर दिवसाला अर्धा जीबी, म्हणजे प्लॅन गरजेच्या तिप्पट. मीही तिथंच थांबलो असतो, पण सरासरीवर कधी विसंबू नये. दिवसांप्रमाणे आकडे उतरत्या क्रमानं लावले, तर चार दिवस बरोबर दीड जीबीवर अडकलेले होते. बाकीच्या 24 दिवसांत मिळून आठ जीबी.

दीडवर अडकलेला दिवस म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. त्या दिवशी मामांची गरज दीड जीबीची होती असं नाही. त्या दिवशी कोटा संपला आणि वेग पडला, बिलात फक्त झालेला वापर दिसतो, अडलेला दिसत नाही. ते चारही दिवस क्रिकेटच्या सामन्यांचे होते. मामांना विचारलं तर म्हणाले, “शेवटच्या षटकांत गोल गोल फिरायलं न ते.” बिलात बरेच दिवस कोट्याच्या आकड्याला टेकलेले दिसले, तर प्लॅन छोटा पडतोय असं समजा, सरासरी काहीही म्हणो. याच्या उलटही होतं : रात्री दहानंतर रोज एकदम मोठा वापर दिसत असेल, तर तो ‘उरलाय तर संपवू’वाला असतो. त्याला गरज धरायचं नाही.

मग मामांना काय बरं? चार दिवस एक-एक जीबीचं जादा पॅक घ्यायचं तर साधारण वीस-वीस रुपये, म्हणजे 28 दिवसांना ऐंशी. ते 299 मध्ये धरले की 379. त्यापेक्षा रोज 2 जीबीचा 28 दिवसांचा 349 चा प्लॅन परवडतो. आणि तोच 84 दिवसांचा 859 ला घेतला तर आणखी स्वस्त, कारण 299 तीनदा मारले की 897 होतात. म्हणजे डेटा जास्त मिळूनही 38 रुपये कमी. ठीक आहे, मामांच्या बाबतीत मेसेजमधला प्लॅन बरोबर निघाला. पण कारण चुकीचं. बचत जीबी स्वस्त झाल्यामुळं नाही, मुदत लांबल्यामुळं झाली. प्लॅनची किंमत भागिले दिवस केलं की हे लगेच दिसतं : 299 चा दिवसाला 10.68, 349 चा 12.46, 859 चा 10.23, आणि मामीचा 448 वाला 5.33. आधी बिलावरून गरज ठरवायची, मग त्या गरजेला पुरणाऱ्या प्लॅनमध्ये दिवसाचा भाव बघायचा. 28 दिवसांच्या प्लॅनला वर्षात तेरा रिचार्ज लागतात, बारा नाही, हेही त्यातच कळतं. सोयाबीन विकायच्या आधी 859 एकरकमी काढणं जड जातं, ही अडचण वेगळी. ती कुठल्याच भागाकारात दिसत नाही.

मिनिटांचं थोडक्यात. 1 जानेवारी 2021 पासून कंपन्यांनी एकमेकींना द्यायचं कॉल जोडणीचं शुल्क शून्य झालं. त्यामुळे कोणत्या कंपनीच्या नंबरला किती बोललो हे मोजायची गरज उरली नाही, हे मान्य. पण मिनिटं मोजणं मूर्खपणा नाही. दोन सिम असतील तर हिशेबात दिसतं की बोलणं कोणत्या सिमवरून होतं. मामांच्या दुसऱ्या सिमवरून महिनाभरात जेमतेम दहा मिनिटं गेली होती, आणि त्यावरही डेटावाला प्लॅन चालू होता.

राहिलं ब्रॉडबँड. जाहिरातीत 499 दिसतं, त्यावर 18 टक्के जीएसटी लागून 588.82 होतं. मोबाईलच्या प्रीपेड किमतीत कर धरलेला असतो, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवले की ब्रॉडबँड उगीच स्वस्त वाटतं. माझ्या लातूरच्या मावसभावानं घेतलंय. तीन माणसं, पोराचे शिकवणीचे व्हिडिओ, टीव्ही, सगळं मिळून महिन्याला दीडशे जीबीच्या आत. प्लॅनची मर्यादा 3,300 जीबी. इतक्या अंतरावर जीबी मोजून उपयोग नाही, वेग बघावा. चांगल्या एचडी व्हिडिओला साधारण 5 एमबीपीएस पुरतो, म्हणजे तीन पडदे एकदम चालले तरी 30 एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये मावतात. त्यानं 100 चा घेतला होता, पुढच्या महिन्यापासून खाली आणतोय.

आणि मोबाईलचा खर्च शून्य होत नाही. घराबाहेर कॉल आणि थोडा डेटा लागतोच. शिवाय लाईट गेली की राऊटर बंद, मग सगळं घर मोबाईल डेटावर. मामांच्या गावात तर उन्हाळ्यात दिवसभराचा भरवसा नाही. ब्रॉडबँड घेतल्यावर एक महिना मोबाईल डेटाचा आकडा बघायचा, तो खरंच खाली आला तरच मोबाईलचा प्लॅन छोटा करायचा. भावाचा 30 जीबीवरून 6 वर आला, त्यानं केला. वहिनीचा आलाच नाही, कारण ती दिवसभर शाळेत असते. तिचा तसाच ठेवला.

मामीचा 448 वाला टाकून दिलाय. मामांचा 859 चा, सोयाबीन विकल्यावर.