काढता-घालता येणाऱ्या अर्धवट कवळीत शेवटच्या दातावर रेस्ट कुठे?

"मागच्या दाढा नसतील तर उरलेल्या शेवटच्या दाताच्या मागच्या कडेला रेस्ट आणि घट्ट क्लॅस्प द्या, कवळी हलत नाही."

हलतेच. रेस्ट म्हणजे कवळीच्या सांगाड्याचा दातावर टेकणारा छोटा आधार, क्लॅस्प म्हणजे दाताला धरून ठेवणारा आकडा. समजा, खालच्या जबड्यात दोन्हीकडे दुसऱ्या उपदाढेमागे दात नाहीत, म्हणजे दात नसलेल्या जागांच्या केनेडी वर्गीकरणातला वर्ग १. इथे कवळीचा मागचा भाग हिरडीवर टेकतो आणि हिरडी दबते. चावताना तो भाग खाली जातो, मागच्या रेस्टभोवती सांगाडा फिरतो आणि क्लॅस्पचं पुढचं टोक वर उचललं जातं. ते दाताच्या फुगवट्याखाली अडकलेलं असल्याने दर घासाला दाताला हिसका बसतो. पुढे दातच हलू लागतो.

रेस्ट पुढच्या कडेला घ्या, आणि आय-बार, म्हणजे हिरडीच्या बाजूने दाताकडे येणारा I आकाराचा क्लॅस्प, दाताच्या मध्यावर. मग चावताना क्लॅस्पचं टोक खाली सरकून सुटतं. सरसकट आय-बार देणारेही आहेत, पण दाताखालच्या हिरडीत खोल खाच असेल तर तारेचा लवचीक क्लॅस्पच बरा.